शिरोरेषा सुटी करताना: एका शीर्षकाच्या अकरा दिवसांच्या नोंदी

काम छोटंसंच: एका माहितीपटाचं शीर्षक, ‘दुसऱ्या वर्गाची खिडकी’. पडद्यावर पाच सेकंद, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे १२५ फ्रेम, १९२० बाय १०८०. दिग्दर्शिकेची एकच मागणी होती, अक्षरं उमटल्यावर अगदी सावकाश एकमेकांपासून लांब सरकायला हवीत. रोमन लिपीत हे काम दोन कीफ्रेमचं आहे. देवनागरीत मला अकरा दिवस लागले, त्यातले चार फुकट गेले. याच वाटेने जाणाऱ्याचे ते चार दिवस वाचावेत म्हणून ही वही.

३ फेब्रुवारी

अजून काही हललंही नाही आणि पहिली चूक हातात आली. दिग्दर्शिकेने शीर्षक निरोपातून पाठवलं, मी ते कॉपी केलं आणि पडद्यावर ‘दुसर्या’ दिसलं. रफार ‘या’च्या डोक्यावर! फॉन्टला शिव्या घालण्यात अर्धा तास गेला. मग मजकुराचे कोड एकेक करून पाहिले.

‘ऱ्या’ दोन रीतींनी टाइप होतो. एकात साधा र, हलन्त, मग U+200D हे न दिसणारं जोडचिन्ह आणि मग या. दुसऱ्यात U+0931 हा वेगळा ऱ, हलन्त आणि या. पहिल्या रीतीत अडचण अशी की न दिसणारं चिन्ह एखाद्या प्रोग्रामने ‘साफसफाई’ म्हणून उडवलं की मागे उरतो र, हलन्त, या. आणि त्याचा रफार होणं नियमाला धरूनच आहे. माझ्याकडे नेमकं तेच झालं होतं. दुसऱ्या रीतीत हरवण्यासारखं काही नसतं. आता आलेला प्रत्येक मजकूर मी आधी तपासते आणि सगळीकडे U+0931 करून घेते.

त्यानंतर आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या प्रोग्राममध्ये ‘खि’ची वेलांटी ख च्या उजवीकडे गेली. माझी आवृत्ती जुनी आहे. तिच्यात `Preferences > Type` मध्ये जाऊन `South Asian and Middle Eastern` निवडावं लागतं, आणि आधी केलेले लेयर त्याने सुधारत नाहीत, नवीन करावे लागतात. दहा मिनिटांचं काम, पण ठाऊक नसेल तर दिवस जातो.

४ फेब्रुवारी

फॉन्ट. पाच-सहा लावून पाहिले आणि तीनच जागा तपासल्या. ‘खि’मध्ये वेलांटीची कमान ख च्या दंडापर्यंत पोचते का? ख रुंद असतो. ज्या फॉन्टमध्ये सगळ्या अक्षरांना एकाच मापाची वेलांटी आहे, त्यात ती ख च्या पोटावरच अधांतरी थांबते. दुसरं, ‘र्गा’चा रफार. तो ग वर नाही, कान्याच्या डोक्यावर बसतो, आणि लगेच शेजारून ‘ची’ची वेलांटी येते. ही दोघं एकमेकांना खेटतात का? तिसरं, ‘ऱ्या’तला अर्धा र. त्याच्या आणि य च्या मधली फट.

मुक्ता घेतला. मोफत आहे, सात वजनांत मिळतो. बोल्ड मोठ्या पडद्यावर झकास दिसत होता, पण तोच एक चतुर्थांश आकारात पाहिला तर ‘ऱ्या’तली फट बुजून तिथे नुसता ठिपका उरला. लोक फोनवर पाहणार, म्हणून मीडियमवर आले. अक्षराची उंची रेषेपासून तळापर्यंत १२० पिक्सेल ठेवली, शिरोरेषेची जाडी साधारण १५ भरली. एकूण रुंदी १५३०. दोन्ही बाजूंना पाच टक्के सोडले तर मला १७२८ मिळतात, म्हणजे पसरायला जागा आहे.

५ फेब्रुवारी

ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवून पाहिलं. होणार होतं तेच झालं: रेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली. खि ड की असे तीन तुकडे, मध्ये काळ्या फटी. आपल्या लिपीत रेषेतली फट म्हणजे शब्द संपल्याची खूण, त्यामुळे डोळा त्याला तीन शब्द समजतो. दिग्दर्शिकेला मुद्दाम दाखवलं. ती म्हणाली, “अगं, हे तर दुकानाच्या पाटीवरून अक्षरं गळून पडल्यासारखं दिसतंय.” बरोबरच होतं.

त्याच दिवशी टंकलेखकासारखं अक्षर-अक्षर उमटवून पाहिलं, या साध्या ओळीने:

```
n = Math.floor(time*8);
value.slice(0, n)
```

ही ओळ अक्षरं मोजत नाही, कोड मोजते. ‘दुसऱ्या’त अक्षरं तीन, कोड सात. त्यामुळे पडद्यावर क्रमाने द, दु, दुस, दुसऱ, दुसऱ्, दुसऱ्य, दुसऱ्या असं सगळं दिसतं. मधला ऱ खालच्या ठिपक्यासकट चमकून जातो. ‘खि’मध्ये तर आधी ख येतो, मग डावीकडे वेलांटी घुसते आणि ख ला ढकलते. ही कल्पना तिथेच सोडली. पुढची सगळी हालचाल अक्षरागणिक करायची ठरवली, म्हणजे दु, स, ऱ्या, व, र्गा, ची, खि, ड, की असे नऊ लेयर.

६ आणि ७ फेब्रुवारी (वाया)

कल्पना सोपी होती. अक्षरांची रेषा काढून टाकायची, प्रत्येक शब्दावर स्वतंत्र आयत रेषा म्हणून ठेवायचा, अक्षरं सरकली की आयत ताणायचा.

मजकुरावर उजवी क्लिक, `Create Shapes from Text`, मग प्रत्येक अक्षराच्या वरच्या पट्टीला कात्री. पहिल्या प्रयत्नात पट्टी सरसकट कापली आणि की, ची, खि यांच्या कमानी दंडांपासून तुटून वेगळ्या झाल्या. र्गा चा रफारही. मग परत मूळ आकार घेऊन, दंड तसेच ठेवून फक्त रेषेचे आडवे खुंट नोडने काढत बसले. नऊ अक्षरं, दोन दिवस, मान आखडली.

आणि कापून झाल्यावर कळलं की रेषेविना ग हा ग राहतच नाही. त्याचा डावा आकडा आणि उजवा दंड यांना बांधणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे रेषा. ण आणि श यांचंही तसंच. ‘र्गा’ म्हणून माझ्यापुढे एक गळ आणि दोन काठ्या उभ्या होत्या.

८ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचाच राग आला. रेषा कापायची गरजच नव्हती. नवा आयत त्याच जाडीचा, त्याच रंगाचा आणि त्याच जागी असेल तर अक्षरांचे मूळ खुंट त्याच्याखाली झाकलेच जातात. अक्षरं कितीही सरकू देत, खुंट आयताच्या आतच सरकतात. कापलेलं सगळं टाकून दिलं, मूळ आकार परत आणले आणि तीन आयत काढले. पाऊण तासात काम झालं.

यात एक अट आहे, तीही लगेच नडली. शीर्षक विरताना मी प्रत्येक लेयरची पारदर्शकता कमी केली आणि रेषेत खुंटांच्या जागी उजळ चौकोन दिसू लागले. साहजिक आहे: पन्नास टक्क्यांवर एक थर आणि त्याखाली पन्नासचा दुसरा, दोन्ही मिळून पंच्याहत्तर होतात. विरणं, सावली, चमक, जे काही असेल ते सगळं एकत्र केलेल्या प्रिकॉम्पवर लावायचं. आतले लेयर कायम शंभर टक्के.

दुपारी ‘भाग १’ ही छोटी ओळ खाली लावली, त्याच पद्धतीने, वर एक सलग आयत ठेवून. दिग्दर्शिकेचा फोन आला. “माग १ म्हणजे काय?”

भ ची रेषा डावीकडे तुटलेली असते. मी ती प्रेमाने जोडून दिली होती. ध चंही असंच होतं, रेषा जोडली की घ. शीर्षकात भ किंवा ध असेल तर आयत तिथे दोन तुकड्यांत ठेवावा लागतो आणि फट त्या अक्षराबरोबर सरकवावी लागते. माझं नशीब की मुख्य शीर्षकात दोन्ही नाहीत. ‘भाग १’ मी न हलणारा साधा मजकूर म्हणून ठेवून दिला.

१० फेब्रुवारी

आता पसरणं. एक नियंत्रण-लेयर, त्यावर ‘pasara’ नावाचा स्लायडर, आणि प्रत्येक अक्षराच्या पोझिशनवर ही ओळ. अक्षराचा अँकर त्याच्या मध्यावर हवा, नाहीतर गणित हुकतं.

```
k = thisComp.layer("CTRL").effect("pasara")("Slider")/100;
cx = thisComp.layer("regh_khidki").position[0];
[cx + (value[0]-cx)*(1+k), value[1]]
```

आयताची रुंदीही मी सरळ (१+k) ने गुणली आणि शेवटच्या फ्रेमला रेषा शब्दाच्या दोन्ही टोकांना सहा-सहा पिक्सेल बाहेर आली. कारण असं की अक्षरांमधलं अंतर वाढतं, पण अक्षरं स्वतः रुंद होत नाहीत. टोकाच्या अक्षराची बाहेरची अर्धी बाजू आहे तेवढीच राहते. म्हणून टोकाच्या दोन अक्षरांची रुंदी हिशेबात घ्यावी लागते. ‘खिडकी’त खि २१५ आणि की १९०, शब्द ५००:

```
k = thisComp.layer("CTRL").effect("pasara")("Slider")/100;
W = value[0]; w1 = 215; w2 = 190;
[W + k*(W-(w1+w2)/2), value[1]]
```

सहा टक्क्यांना ही रेषा ५१८ होते, माझ्या आधीच्या हिशेबाने ५३० होत होती.

दुसरी गोष्ट बघायला वेळ लागला. प्रत्येक शब्द आपल्या मध्याभोवती पसरत होता, त्यामुळे दोन शब्दांमधली ५० पिक्सेलची जागा आकसून ३२ वर आली. अक्षरं लांब जातायत आणि शब्द जवळ येतायत! चौथ्या सेकंदाला ‘वर्गाचीखिडकी’ वाचलं जात होतं. मधला शब्द जागेवर ठेवून बाजूचे दोन्ही बाहेर ३२ पिक्सेल सरकवले, तेव्हा जागा ६४ च्या आसपास आली. शेवटी एकूण रुंदी साधारण १६१०, सुरक्षित पट्ट्याच्या आत.

किती पसरावं? दहा टक्के करून पाहिलं. अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबायला लागली. दिग्दर्शिकेला तरी जास्तच हवं होतं, पण ड कडे बोट दाखवल्यावर ती गप्प झाली. ड बारीक मानेने रेषेला लटकलेला असतो, दोन्ही बाजूंना मोकळी जागा झाली की तो पोरका दिसतो. सहावर दोघींचं एकमत झालं.

११ फेब्रुवारी

अक्षरं येणार कशी? आधी खुंट झाकून अक्षरं आणली आणि मग वरून रेष ओढली, शाळेत पाटीवर लिहायचो तशी. कल्पना गोड, पण रेष येईपर्यंत बारा फ्रेम ‘र्गा’च्या त्या काठ्याच दिसत राहिल्या. उलट केलं: रेषा आधी आठ फ्रेम, मग तिच्याखालून अक्षरं उतरतात. तिन्ही शब्दांच्या रेषा वेगवेगळ्या उमटतात. एकच लांब रेषा ओढली तर शब्द कुठे संपतो ते शेवटपर्यंत कळत नाही.

पण रेषेच्या वरचं काय? वेलांट्या आणि रफार खाली उतरू शकत नाहीत, त्यांना वर उगवावं लागतं. प्रत्येक अक्षराच्या लेयरची प्रत केली. एकीला रेषेच्या खालचाच भाग दाखवणारा मॅट, ती वरून खाली येते. दुसरीला वरच्या भागाचा मॅट, ती खालून वर येते. दोन्ही मॅटची कड रेषेच्या जाडीच्या मधोमध, म्हणजे जोड आयताखाली लपतो. दु, स, ऱ्या, व आणि ड यांना वर काहीच नाही, त्यांना दुसरी प्रत नको.

वरच्या खुणा मी लाडाने सहा फ्रेम उशिरा आणल्या होत्या. रात्री एकेक फ्रेम पुढे सरकवताना पाहते तर पडद्यावर ‘वगाचा’ आणि ‘ाखडका’. पाव सेकंद का होईना, चक्क चुकीचा शब्द दिसत होता. आता दोन फ्रेमच उशीर आहे. तेवढ्यात हालचाल जिवंत वाटते आणि चुकीचा शब्द वाचायला कुणाला वेळ मिळत नाही. खालची अक्षरं नऊ फ्रेमांत उतरतात, दोन अक्षरांत दोन फ्रेमांचं अंतर.

१२ फेब्रुवारी

लाजिरवाणी नोंद, पण लिहिते. तिन्ही शब्द वेगळे केल्यावर सवयीने ते निवडून अलाइनचं उभं मध्य-बटण दाबलं. ‘दुसऱ्या’ची रेषा बाकी दोघांपेक्षा ४६ पिक्सेल वर गेली. सॉफ्टवेअर पूर्ण चौकटीचा मध्य धरतं. ‘दुसऱ्या’त वर काही नाही, खाली ४० पिक्सेलचा उकार आहे, मध्य रेषेच्या ८० खाली. ‘वर्गाची’त वर ५२ पिक्सेलच्या खुणा, खाली काही नाही, मध्य रेषेच्या ३४ खाली. देवनागरीचे शब्द जुळवायचे ते रेषेला रेषा लावून, दुसरं काही नाही. आडवी गाइड टाकून तिला कुलूप लावलं. पूर्ण शीर्षक पडद्याच्या मध्याला आणतानाही वेलांट्या-उकार सोडून फक्त १२० पिक्सेलच्या अंगाचा मध्य धरला.

१३ फेब्रुवारी

दिग्दर्शिकेला शेवटी कॅमेरा किंचित पुढे जातोय असं हवं होतं, १०० वरून १०३ टक्के. लावलं, आणि रेषा श्वास घ्यायला लागली. कधी कडक, कधी मऊ, जाडी कमीजास्त होतेय असा भास. दोन तास कॉम्प्रेशनला दोष दिला, पण कॉम्प्रेशन न केलेल्या फायलीतही तेच.

माझा वाढीचा केंद्रबिंदू अक्षरांच्या मध्यावर होता, रेषेपासून साधारण ५० पिक्सेलवर. तीन टक्क्यांत रेषा दीड पिक्सेल वर सरकते, तेही १२५ फ्रेमांत. त्यामुळे तिची कड सावकाश एका पिक्सेलच्या ओळीतून दुसरीत जाते, मधल्या फ्रेमांत अर्धवट रंगते आणि पुन्हा कडक होते. तिरप्या किंवा गोल कडांवर हे लपतं. आपल्याकडे मात्र पडद्याभर पसरलेली सपाट आडवी रेषा आहे, ती एकदम सगळी बदलते.

उपाय एका ओळीचा: केंद्रबिंदू उचलून रेषेच्याच मध्यावर ठेवला. आता रेषा वर-खाली जातच नाही, तिची जाडी १५ वरून जेमतेम १५.४५ होते, म्हणजे प्रत्येक कड पाव पिक्सेलहून कमी हलते. श्वास थांबला. ‘भाग १’ ची रेषा या केंद्रापासून दूर असल्याने ती फडफडली असती. तो या वाढीतून बाहेर काढला, तो तिथेच स्थिर बसतो. शीर्षक दोन ओळींचं असतं तर हा उपाय चालला नसता, मी वाढच काढून टाकली असती.

१४ फेब्रुवारी

शेवटची फाइल दिली. फोनवर, लॅपटॉपवर आणि भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर पाहिली. प्रोजेक्टरवर ‘ऱ्या’ची फट किंचित भरल्यासारखी वाटली, म्हणून त्या एका अक्षरात अर्धा र दोन पिक्सेल डावीकडे नेला. त्याचा खुंट आयताखाली असल्याने रेषेला काही झालं नाही.

वेळेचा हिशेब: एकूण साधारण ४१ तास. त्यातले १५ रेषा कापण्यात, ज्याची गरज नव्हती, आणि जवळपास ५ ट्रॅकिंग व टंकलेखनाच्या प्रयोगांत. पुढच्या भागासाठी दिग्दर्शिकेने आत्ताच उपशीर्षक कळवलंय, ‘धुरामागचं गाव’. पहिलंच अक्षर ध. आयत दोन तुकड्यांत करून ठेवलाय, फटीचा लेयर ‘धु’ला बांधून टाकलाय.